एकच नाव, एकच पासवर्ड, दोन राउटर: मागच्या खोल्यांत रेंज फुल, पण नेट नाही

सुपारीबाग (गुहागर)

नमस्कार मंडळी. गुहागरला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे आणि मागच्या परसात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. फायबरचा डबा पुढे ओटीवर आहे. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि मग अंगण ओलांडून खोल्या, अशी सरळ रांग. भिंती दीड फुटी. ओटीवरचं वायफाय स्वयंपाकघरात कसंबसं पोचतं, खोल्यांत अजिबात नाही.

घरात एक जुना राउटर पडून होता. भाचा गणपतीला आला तेव्हा त्याने ओटीवरच्या डब्यातून मागच्या पडवीपर्यंत केबल ओढली, तिथे तो राउटर लावला आणि त्याला पुढच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. पाहुण्यांना दोन-दोन नावं सांगायला नकोत, हा हेतू. पहिले दोन दिवस छान चाललं. आता असं होतं की खोलीत कांड्या पूर्ण दिसतात, पण खाली लिहून येतं की कनेक्ट झालंय, इंटरनेट नाही. एका पाहुण्याचं चालतं, शेजारच्या खोलीतल्याचं नाही. आणि मला न उलगडलेली गोष्ट म्हणजे कधीकधी ओटीवर, डब्याच्या समोर बसूनही माझ्या फोनचं नेट जातं. मागचा राउटर बंद केला की थोड्या वेळाने सगळं सुरळीत.

शेजारचे म्हणतात, एकच नाव दोन राउटरना चालतच नाही. खरं आहे का? नाव बदलू का? दिवाळीचं बुकिंग सुरू झालंय, त्याआधी हे मार्गी लागायला हवं.

माडाखाली (मुरुड)

ताई, शेजारी बरोबर सांगतात. एकाच नावाची दोन वायफाय दिसली की फोन गोंधळतो, कुणाला धरू आणि कुणाला सोडू. आमच्याकडे मी पुढच्याला एक नाव आणि मागच्याला त्याच नावापुढे 2 असं ठेवलंय. त्रास नाही. नाव बदला, दोन मिनिटांचं काम आहे.

देवगडवाला

पासवर्डचा त्रास आम्हालाही आहे. पाहुणे पासवर्ड एकमेकांना देतात, मग हापूसच्या सीझनला बागेतले गडीसुद्धा त्यावरच व्हिडिओ बघत असतात. दर महिन्याला पासवर्ड बदला, आपोआप स्पीड येईल.

सुपारीबाग

देवगडवाला, स्पीडची तक्रार नाही हो. नेट येतं तेव्हा चांगलं येतं. कधी येतं, कधी अजिबात येत नाही, हा प्रश्न आहे.

जुना_लाइनमन (चिपळूण)

सुपारीबाग ताई, नाव बदलू नका. एकच नाव आणि एकच पासवर्ड हीच बरोबर पद्धत आहे. मोठ्या हॉटेलांत, रेल्वे स्टेशनांवर, हॉस्पिटलांत एका नावाखाली कितीतरी वायफाय चालतात. दोघांची खूण फोनला वेगळी कळते, कारण नाव एक असलं तरी प्रत्येक राउटरचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता असतो आणि फोन तोच बघून जोडला जातो.

माडाखाली म्हणतात त्यात एक गोष्ट कामाची आहे. नाव वेगळं असलं की आपण आत्ता कुठल्या राउटरवर आहोत ते कळतं, म्हणून शोधाशोध करताना तात्पुरतं नाव वेगळं करायला हरकत नाही. पण तुमचा दोष नावात नाही. पुढे डब्यासमोर बसूनही नेट जातं, हे तुम्ही लिहिलंत त्यावरून मला वेगळीच शंका येते.

दोन गोष्टी सांगा. पहिली, मागच्या राउटरमध्ये केबल कुठल्या भोकात आहे? एक भोक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं, त्यात आहे की एकरंगी चारपैकी एकात? दुसरी, नेट चालू असताना आणि गेलेलं असताना फोनमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारून तपशील उघडा. तिथे `IP address` आणि `Gateway` किंवा `Router` असे दोन आकडे दिसतील. दोन्ही वेळचे उतरवून इथे टाका.

सुपारीबाग

केबल चारपैकी एका पिवळ्या भोकात आहे. निळं भोक रिकामं आहे. आकडे असे:

```
नेट चालू असताना:  IP 192.168.1.34    Gateway 192.168.1.1
नेट गेल्यावर:      IP 192.168.0.103   Gateway 192.168.0.1
```

दुसरा आकडा तर मी ओटीवर बसलेली असतानाचा आहे.

जुना_लाइनमन

सापडलं. तुमच्या घरात पत्ते वाटणारे दोघे झालेत.

कुठलाही फोन वायफायला जोडला की तो आधी ओरडून विचारतो, मला पत्ता कोण देतं? ओटीवरचा डबा त्याला 192.168.1 ने सुरू होणारा पत्ता देतो आणि सांगतो, बाहेर जायचं तर माझ्याकडून, 192.168.1.1 वरून. पण तुमचा मागचा राउटरही अजून स्वतःला घरचा मालक समजतोय, कारण तो पूर्वी मुख्य होता. तोही उत्तर देतो, 192.168.0 चा पत्ता देतो आणि सांगतो, बाहेर जायचं तर माझ्याकडून. त्याच्या निळ्या भोकात काहीच नाही, म्हणजे त्याच्याकडून बाहेर जायला वाट नाही. फोन वायफायला जोडलेला, कांड्या भरलेल्या, आणि इंटरनेट शून्य.

पिवळ्या भोकातून केबल जोडल्यामुळे दोन्ही राउटर एकाच तारेवर आलेत. म्हणून ओटीवरच्या फोनची हाकही मागच्या राउटरपर्यंत जाते. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता फोन घेतो. एका पाहुण्याचं चालतं, दुसऱ्याचं नाही, ते यामुळेच. पहिले दोन दिवस ठीक गेले, कारण फोनांकडे डब्याने आधी दिलेले पत्ते होते. एकदा मिळालेला पत्ता ठरावीक मुदतीपर्यंत चालतो. मुदत संपून किंवा नव्याने जोडताना पुन्हा विचारणा झाली तेव्हा घोळ सुरू झाला.

पिवळ्या भोकात केबल लावणं बरोबरच आहे, ती काढू नका. फक्त मागच्या राउटरचं पत्ते वाटणं बंद करायचं आणि त्याला डब्याच्या रांगेतला एक पत्ता द्यायचा.

हर्णैकर

मध्ये बोलतो. हा सगळा खटाटोप कशाला? मेशचा, म्हणजे मिळून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांचा, तीन नगांचा संच आणा, ॲपमध्ये दोन टिचक्या, झालं. मी तेच केलं. फक्त माझ्याकडे शेवटच्या खोलीत कांड्या पूर्ण दिसतात, पण स्पीड ओटीच्या दहाव्या हिश्श्याइतकाच येतो. कंपनीचा माल खराब असावा.

जुना_लाइनमन

हर्णैकर, तुमच्याकडे येतो, आधी ताईंचं होऊ द्या.

ताई, क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश लिहितो.

आधी मागच्या राउटरची केबल काढा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन सेटिंगचं पान मोबाइल नेटवर शोधत बसेल आणि ते उघडणार नाही. मग मागच्या राउटरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये `192.168.0.1` टाका. लॉगिन राउटरखालच्या स्टिकरवर असेल.

आत `LAN` नावाच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून `192.168.1.2` करा आणि सेव्ह करा. राउटर पुन्हा सुरू होईल. मग `192.168.1.2` वर परत लॉगिन करा आणि शेवटी `DHCP Server`, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बंद करा. आधी डीएचसीपी बंद केलंत तर तुमच्या फोनला पत्ता देणारं कुणीच उरणार नाही, पान उघडणार नाही आणि राउटर रीसेट करून पहिल्यापासून सगळं करावं लागेल. बरेच जण इथेच अडकतात.

आता ओटीवरचा डबा. तो कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते बघा. बऱ्याच डब्यांत ही रांग 192.168.1.2 पासूनच सुरू होते. तसं असेल तर उद्या तोच पत्ता एखाद्या पाहुण्याच्या फोनला जाईल आणि दोघांत भांडण लागेल. रांग 192.168.1.20 पासून सुरू करा. डब्याचं लॉगिन तुमच्याकडे नसेल तर फायबरवाल्याला फोन करून त्याच्याकडून बदलून घ्या.

मग केबल परत पिवळ्या भोकात. तुमच्या राउटरच्या मेनूत `Access Point Mode` असेल तर हे सगळं तो आपण होऊन करतो. बरेच जुने राउटर तो पर्याय देत नाहीत.

माडाखाली

पण निळ्या भोकात लावलं असतं तर? माझ्याकडे तसंच आहे आणि नेट चालतं.

जुना_लाइनमन

चालतं, कारण तुम्ही नावं वेगळी ठेवलीत आणि हाताने बदलता. निळ्या भोकात लावलं की मागचा राउटर डब्याकडून इंटरनेट घेतो आणि आपल्या मागे दुसरं बंदिस्त नेटवर्क उघडतो. पुढे एक वस्ती, मागे दुसरी. मागच्या वस्तीतून पुढच्या प्रिंटरला छपाई पाठवून बघा, तो आपोआप सापडणार नाही. आणि अशा जोडणीत दोघांना एकच नाव दिलंत तर व्हॉट्सॲपवर बोलत बोलत ओटीवरून मागे गेल्यावर फोनला नवा पत्ता घ्यावा लागेल. चालू कॉल तुटेल किंवा बराच वेळ अडखळेल. काही फोन जुनाच पत्ता धरून बसतात आणि वायफाय बंद-चालू करेपर्यंत नेट येत नाही. तुम्हाला नाव सारखं ठेवल्याने घोळ होतो असं वाटलं, त्याचं मूळ बहुधा हेच.

माडाखाली

प्रिंटरचं खरं आहे. मुलगी मागच्या खोलीतून छपाईसाठी नेहमी पुढे येते, आम्ही प्रिंटरलाच दोष देत होतो. सुट्टीत केबल हलवून बघतो.

सुपारीबाग

दादा, झालं! रांग खरंच 192.168.1.2 पासून होती, फायबरवाल्या मुलाने फोनवर सांगून बदलायला लावली. काल संध्याकाळपासून दोन्ही खोल्या आणि ओटी, सगळीकडे सगळ्या फोनांना 192.168.1 चाच पत्ता. एकदाही नेट गेलं नाही.

आता दोन शंका. एक, भाच्याचा जुना फोन मागे गेल्यावर पुन्हा पासवर्ड मागतो, जणू नवीनच वायफाय आहे. दुसरी, माझा आयफोन ओटीवरून पडवीत आणला तरी एकच कांडी दाखवतो, आणि मागचा राउटर तर डोक्यावर आहे. वायफाय बंद करून चालू केलं की लगेच पूर्ण कांड्या.

जुना_लाइनमन

पहिल्या शंकेसाठी दोन्हींची सुरक्षा बघा. फोन नावाबरोबर सुरक्षेचा प्रकारही लक्षात ठेवतो, म्हणून नाव, पासवर्ड आणि प्रकार तिन्ही सारखे लागतात. दोन्हीकडे WPA2 आणि AES ठेवा. जुन्या राउटरवर TKIP निवडलेलं असेल तर तेही काढा, त्याने वायफायचा वेग 54 एमबीपीएसला अडकतो. आणि नावात लहान-मोठी अक्षरं तंतोतंत जुळवा. शेवटी एखादी रिकामी जागा टाइप झाली असेल तरी फोनला ते वेगळं नाव वाटतं.

दुसरी शंका जास्त खोल आहे. एकच नाव दिल्याने फोनला एका राउटरवरून दुसऱ्यावर जायची मुभा मिळते. कधी जायचं ते मात्र फोन ठरवतो, राउटर नाही. ॲपलने स्वतःच लिहून ठेवलंय की आयफोन हातातला सिग्नल −70 डीबीएमच्या खाली जाईपर्यंत दुसरा शोधायलाच लागत नाही. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक वेगळं. सिग्नल मोजायचं एखादं फुकट ॲप दुसऱ्या कुणाच्या तरी अँड्रॉइड फोनवर घ्या आणि पडवीत उभं राहून पुढच्या आणि मागच्या राउटरचा आकडा सांगा. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला.

सुपारीबाग

सुरक्षा वेगळीच होती, जुळवली. भाच्याचा फोन आता विचारत नाही.

पडवीत पुढचा −68, मागचा −45. दोन्ही 2.4 वाले. पुढचा 5 वाला माजघरानंतर यादीतच दिसत नाही.

जुना_लाइनमन

बघा, −68. आयफोनच्या लेखी अजून बरं चाललंय, म्हणून तो डोक्यावरच्या −45 कडे ढुंकूनही बघत नाही. मागचा राउटर कितीही जोरात केलात तरी उपयोग नाही, पुढचा हळू करायला हवा.

डब्याच्या 2.4 च्या पानावर `Transmit Power` असेल. ते 100 टक्क्यांवरून 40 वर आणा, म्हणजे आकडा साधारण 4 ने खाली येईल. पडवीत −68 चा −72 होईल आणि आयफोन शोधायला लागेल. माजघरात तरीही पुरेसा राहील, मोजून खात्री करा. 5 ची पॉवर कमी करू नका, चिऱ्याची भिंत ती आधीच खाऊन टाकते.

बरोबरीने 2.4 चे चॅनेल हाताने ठरवा, पुढे 1 आणि मागे 11, रुंदी दोन्हीकडे 20. ऑटोवर कधीकधी दोघेही 6 वर येऊन बसतात आणि एक बोलत असला की दुसऱ्याला थांबावं लागतं.

एक सूचना. हे आकडे पावसाळा संपतानाचे आहेत. ओल धरलेल्या चिऱ्यातून सिग्नल कमी येतो, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये भिंती सुकल्यावर पडवीतला पुढचा आकडा पुन्हा −70 च्या वर सरकू शकतो. तेव्हा परत मोजा.

हर्णैकर

आता माझं. तीन नग, सगळे बिनतारी. एक ओटीवर, एक माडीवर, एक मागच्या शेवटच्या खोलीत.

जुना_लाइनमन

शेवटच्या खोलीत वायफाय नव्हतं, म्हणून तिथे नग ठेवलात ना? मग त्याला स्वतःलाही काही ऐकू येत नाही. फोनवरच्या कांड्या फोन ते नग एवढंच अंतर सांगतात. नग ते ओटी हा रस्ता कसा आहे, ते त्यात दिसत नाही. त्यातून तो एकाच रेडिओवर इकडून घेऊन तिकडे देत असेल तर वेग प्रत्येक टप्प्याला साधारण निम्मा होतो.

नग उचलून मधे आणा, जिथे ओटीचा सिग्नल अजून −60 ते −65 च्या आसपास असेल तिथे. दारांच्या रेषेत ठेवा, भिंतीच्या आड नको. मेशच्या ॲपमध्ये नगाच्या जोडणीचा दर्जा दिसतो, तो बघत बघत जागा ठरवा. आणि शक्य असेल तर शेवटच्या नगाला केबल द्या. मेशच्या नगांना तार जोडली की तेही ताईंच्या जुन्या राउटरसारखेच चालतात आणि रेडिओ पूर्णपणे फोनांसाठी मोकळा राहतो. मग माल खराब आहे का ते कळेल.

हर्णैकर

केबल शक्य नाही, नुकतंच गिलावा-रंग झालाय. नग जिन्याच्या तोंडाशी आणला, खोलीत कांड्या कमी झाल्या, पण स्पीड तिप्पट आला. कमी कांड्यांवर जास्त स्पीड, हे घरच्यांना पटवणं अवघड जातंय.

मात्र माझं एक मत कायम आहे. मेशमध्ये राउटर फोनला सुचवतो की तिकडे जा, ते ताईंच्या जुगाडात नाही.

जुना_लाइनमन

मान्य. k आणि v नावाच्या सोयी चांगल्या मेशमध्ये असतात आणि फोन ऐकणारा असेल तर फरक जाणवतो. पण ती सूचनाच असते, शेवटचा निर्णय फोनचा. जुने फोन ऐकत नाहीत. ताईंकडे तार ओढलेली असताना मी त्यासाठी पैसे घालणार नाही.

कुडाळातसून

माका एक सांगा. आमचं घर वर आणि काजूच्या बागेतली खोली खाली, मधे साधारण साठ मीटर. तारेने जोडू की मेश? मे महिन्यात विजा फार पडतात आमच्याकडे.

जुना_लाइनमन

साठ मीटर केबलला चालतं, मर्यादा शंभर मीटरची. पण विजांच्या दिवसांत उघड्यावरून तांब्याची तार दोन इमारतींमध्ये टाकू नका. जवळ वीज पडली तरी तारेत दाब चढतो आणि दोन्हीकडचे राउटर जातात. फायबरची केबल टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची जोडी. काचेतून वीज येत नाही. विजेच्या मीटरकडून येणारा झटका मात्र त्याने थांबत नाही, तिथे अर्थिंग नीट हवं. खालचा राउटर मग वर सांगितला तसाच लावायचा: स्वतःचा पत्ता 192.168.1.2, डीएचसीपी बंद, नाव-पासवर्ड-सुरक्षा सारखी.

सुपारीबाग

पॉवर 40 केली. पडवीत पुढचा −73 दाखवतो. आयफोन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एकदा अडखळून मागच्यावर जातो. बोलता बोलता चालून बघितलं, कॉल तुटला नाही. सासऱ्यांचा जुना अँड्रॉइड मात्र अजून पुढच्यालाच चिकटून बसतो. पॉवर 20 करून बघू का?

आणि देवगडवाल्यांच्या बोलण्यावरून सुचलं. पाहुण्यांना घरच्या प्रिंटर-कॅमेऱ्यांपासून वेगळं ठेवायचं असेल तर मागच्या राउटरचं `Guest Network` चालू केलं की झालं ना?

जुना_लाइनमन

20 वर माजघरात काय आकडा येतो ते आधी मोजा. तिथे −70 च्या खाली गेला तर 40 वरच राहू द्या आणि सासऱ्यांच्या फोनला हाताने बंद-चालू करू द्या.

गेस्टवर घाईने भरवसा ठेवू नका. राउटर असा लावला की बऱ्याच मॉडेलांत गेस्ट हे नुसतं वेगळं नाव उरतं आणि पाहुणा घरच्याच तारेवर येतो. चालू करा, त्यावर फोन जोडा आणि ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाका. डब्याचं लॉगिनचं पान उघडलं तर तो वेगळा झालेला नाही.

सुपारीबाग

उघडलं.

हर्णैकर

माझ्या मेशवर नाही उघडत. पण माझ्याकडे मेशच मुख्य राउटर आहे, डबा नुसता पुढे आहे.

जुना_लाइनमन

त्यामुळेच. ताई, डब्याच्या स्वतःच्या गेस्टवर हीच परीक्षा करा. पुढच्या गेस्टला वेगळं ठेवता येत असलं तरी ते मागच्या राउटरपर्यंत न्यायचं तर व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर दोन वेगळी नेटवर्कं चालवायची सोय, लागेल, आणि तुमच्या जुन्या राउटरला ते जमेल असं मला वाटत नाही. मॉडेलचा नंबर टाका, बघतो.